एअर फ्रायर तापतो, पण ॲपला सापडत नाही

ॲपच्या पडद्यावर एक वर्तुळ भरत जातं. आकडा नव्वदीच्या पुढे सरकतो, ९९ वर येऊन अडतो आणि दोनेक मिनिटांनी निरोप येतो, की उपकरण जोडता आलं नाही. खाली सूचना असतात: वायफाय तपासा, पासवर्ड तपासा, उपकरण बंद करून पुन्हा सुरू करा. यातली एकही सूचना खोटी नसते, पण एकीनेही काम होत नाही. घोडं नेमकं कुठे अडलंय हे त्या ॲपलाच कळलेलं नसतं, त्यामुळे ते सगळ्यांवर मिळून संशय घेतं. मग माणूस वैतागून रिसेटचं बटण शोधायला लागतो. ते बटण सगळ्यात शेवटी दाबायचं असतं आणि बहुतेक घरांत ते सगळ्यात आधी दाबलं जातं.

डोंबिवलीतला एक फ्लॅट डोळ्यांसमोर आणू. दिवाळीला मुलाने आईवडिलांना वायफायवाला एअर फ्रायर पाठवला आहे. मुलगा बेंगळुरूला, आई फोनवर, फ्रायर ओट्यावर फ्रिजशेजारी. फ्रायर चालतो, त्याच्या पॅनेलवरचं तापमानाचं आणि वेळेचं बटण दाबलं की बटाट्याच्या काचऱ्या छान होतात. फक्त ॲप काही केल्या त्याला ओळखत नाही.

इथेच एक गोष्ट स्पष्ट होते. तापवणारी कॉइल, पंखा आणि तापमान सांभाळणारं सर्किट हा एक भाग झाला. वायफायचा छोटा मॉड्यूल हा दुसरा. पहिला उत्तम चालला म्हणून दुसरा शाबूत आहे असं नाही, आणि दुसरा जोडला जात नाही म्हणून यंत्र बिघडलं असंही नाही. (ॲपशिवाय जे सुरूच होत नाही असं स्वयंपाकघरातलं यंत्र माझ्या मते घेऊच नये, पण ते असो.)

फ्रायरला कीबोर्ड नसतो. घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड त्याच्यात टाइप करायची सोय नाही, म्हणून ते काम फोनने करायचं असतं. पद्धती साधारण तीन. पहिल्या पद्धतीत फोन ब्लूटूथवरून पासवर्ड फ्रायरला देतो. नव्या यंत्रांत हीच जास्त दिसते आणि हीच सगळ्यात कमी रडवते. दुसऱ्या पद्धतीत फ्रायर स्वतःचंच एक तात्पुरतं वायफाय सुरू करतो, फोन त्याला जोडला जातो आणि पासवर्ड देऊन बाहेर पडतो. तिसरी पद्धत गमतीदार आहे. फ्रायर अजून कुठल्याच वायफायला जोडलेला नसतो, त्यामुळे घरच्या वायफायवरचा कुलूपबंद मजकूर त्याला वाचता येत नाही. पण हवेतून गेलेलं प्रत्येक पाकीट किती लांबीचं आहे एवढं त्याला कळतं. म्हणून फोन मुद्दाम ठरावीक लांबीची पाकिटं सोडत राहतो आणि लांबीच्या त्या चढउतारातून फ्रायर पासवर्ड जुळवतो. शेजारच्या कोठडीतल्या कैद्याला भिंतीवर ठोके देऊन निरोप पोचवावा, तसा हा प्रकार.

आता राउटरच्या बँडकडे वळू, कारण बहुतेक घरांत घोळ तिथेच असतो.

गेल्या काही वर्षांत फायबरच्या कनेक्शनबरोबर मिळणारे राउटर बहुतेक दोन बँडचे असतात: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. दुसरा वेगवान, पण भिंतींपुढे लवकर थकतो. पहिला हळू, पण दूर जातो. फ्रायर, चिमणी, वॉटर प्युरिफायर, केटल यांच्यात बसवलेले स्वस्त मॉड्यूल बहुतेक फक्त २.४ वर चालतात. एस्प्रेसिफ या चिनी कंपनीची ईएसपी८२६६ नावाची चिप २०१४ मध्ये आली आणि वायफाय घालणं एकदम स्वस्त झालं. ती आणि तिच्या नंतर आलेली मूळ ईएसपी३२ या दोन्ही २.४ वरच्याच. यात कंजूषपणा आहे तसं शहाणपणही आहे: फ्रायरला सिनेमा बघायचा नाही, ‘१८० अंश, १२ मिनिटं’ एवढाच निरोप घ्यायचा आहे, आणि त्याला वेगापेक्षा पल्ला हवा.

अडचण येते ती राउटरच्या हुशारीमुळे. पूर्वी राउटर दोन बँडना दोन नावं द्यायचे, एकाच्या शेवटी ‘5G’ लिहिलेलं असायचं. (या ५जीचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही.) आता पुष्कळ राउटर दोन्ही बँड एकाच नावाखाली ठेवतात आणि कोणत्या फोनला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतात. आई हॉलमध्ये राउटरशेजारी बसली असेल तर तिचा फोन बहुधा ५ वर गेलेला असतो. फ्रायरला ५ गिगाहर्ट्झ ऐकूच येत नाही. तिसऱ्या पद्धतीचे ‘ठोके’ मग वाया जातात आणि ॲप ९९ टक्क्यांवर थांबून राहतं.

यावर उपाय राउटरच्या सेटिंग्जमध्ये आहे. राउटरच्या खालच्या स्टिकरवर पत्ता दिलेला असतो, पुष्कळदा `192.168.1.1`. तो ब्राउझरमध्ये टाकून, स्टिकरवरचं लॉगिन वापरून आत जायचं. तिथे ‘Smart Connect’ किंवा ‘Band Steering’ असं काही दिसलं तर ते बंद करायचं आणि दोन बँडना वेगळी नावं द्यायची. नाव बदलताना एक युक्ती आहे: जुनं नाव आणि जुना पासवर्ड २.४ लाच ठेवायचा, नवं नाव ५ ला द्यायचं. घरात आधीपासून जोडलेले बल्ब, प्लग वगैरे असतील तर ते न बोलता चालू राहतात. फोन आणि टीव्ही ५ वर पुन्हा जोडले की झालं. फ्रायर एकदा नीट जोडला गेला, की हवं तर दोन्ही नावं पुन्हा एक करता येतात. फोन नंतर ५ वर असला तरी बिघडत नाही, कारण रोजचे निरोप राउटर किंवा कंपनीचा सर्व्हर यांच्यामार्फत जातात. बँडचा आग्रह मुख्यतः त्या पहिल्या ओळखीपुरता.

त्याच पानावर आणखी दोन जागा बघण्यासारख्या आहेत. सुरक्षेचा प्रकार फक्त WPA3 ठेवलेला असेल तर जुन्या धाटणीचे मॉड्यूल आत येऊ शकत नाहीत. तिथे WPA2 किंवा दोन्हींचं मिश्रण निवडावं. दुसरी जागा चॅनेलची. भारतात २.४ वर १ ते १३ चॅनेल वापरता येतात, पण काही उपकरणं अमेरिकी पद्धतीने ११ पर्यंतच ऐकतात. राउटर ‘Auto’ वर असेल आणि कधीतरी १२ किंवा १३ वर जाऊन बसला, तर त्या उपकरणापुरतं तुमचं वायफाय नाहीसं होतं. महिनोन्‌महिने नीट चाललेलं यंत्र वीज जाऊन आल्यावर अचानक बाहेर पडलं, तर हा संशय घ्यायला जागा आहे. चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एकावर कायमचा बसवावा. हे तिघे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

फोनबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण दोष तिथेही दडलेला असतो. ॲप लोकेशनची परवानगी मागतं तेव्हा ‘फ्रायरला माझा पत्ता कशाला?’ असं वाटून आपण नाही म्हणतो. शंका रास्त आहे. पण आसपासच्या वायफायच्या नावांवरून माणूस कुठे आहे ते ताडता येतं, म्हणून अँड्रॉइड ही नावं लोकेशनच्या परवानगीमागे ठेवत आलं आहे. परवानगी नाकारली की ॲपला घरच्या वायफायचं नावही कळत नाही. जोडणीपुरती परवानगी द्यावी, नंतर काढून घ्यावी. आयफोनवर २०२० पासून ‘Local Network’ नावाची वेगळी परवानगी आहे. ती नाकारली तर ते ॲप घरातल्या इतर यंत्रांशी बोलू शकत नाही. दुसऱ्या पद्धतीने, म्हणजे फ्रायरच्या तात्पुरत्या वायफायवरून जोडताना, फोनला कळतं की इथे इंटरनेट नाही आणि तो गुपचूप मोबाइल डेटावर पळतो. तेवढा वेळ मोबाइल डेटा आणि व्हीपीएन दोन्ही बंद ठेवावे.

डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये मुलाने फोनवरून पहिलं काम सांगितलं ते वेगळंच होतं.

“आई, फ्रायर उचलून हॉलमध्ये आण. राउटरजवळच्या प्लगला लाव.”

“अरे, पण तो वापरायचाय ओट्यावर!”

“वापर ग ओट्यावरच. आधी ओळख तर होऊ दे त्यांची.”

हा सल्ला अचूक आहे, कारण तो दोन शक्यता वेगळ्या करतो. राउटरपासून दोन-तीन मीटरवरही फ्रायर जोडला गेला नाही, तर सिग्नल कमी असण्याचा प्रश्नच उरत नाही. बँड, सुरक्षेचा प्रकार, फोनची परवानगी किंवा चुकलेला पासवर्ड यातच दोष आहे. हॉलमध्ये जोडला गेला आणि ओट्यावर नेल्यावर तुटला, तर बँड-पासवर्ड सगळं बरोबर आहे आणि प्रश्न फक्त पोचण्याचा आहे. भिंतीला ठोकलेली चिमणी अशी उचलता येत नाही. तिच्यासाठी उलटं करायचं: दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट चिमणीखाली सुरू करायचा आणि त्याला ती जोडून बघायची. अँड्रॉइडवर हॉटस्पॉटच्या सेटिंग्जमध्ये २.४ निवडता येतं. आयफोन १२ पासून पुढच्या फोनांत ‘Maximise Compatibility’ सुरू केलं की हॉटस्पॉट २.४ वर येतो. हॉटस्पॉटला जोडली गेली, म्हणजे चिमणी निर्दोष आणि शोध राउटरकडे वळवायचा.

आईकडे आधी हॉलमध्येही जमलं नाही. बँडची नावं वेगळी केल्यावर दुसऱ्याच फेरीत जमलं. फ्रायर ओट्यावर परत गेला आणि संध्याकाळी ॲपमध्ये त्याच्या नावापुढे ‘Offline’ आलं.

आपल्याकडे फायबरवाला तार जिथून घरात येते तिथेच राउटर ठोकतो, म्हणजे बहुधा मुख्य दाराजवळ किंवा टीव्हीच्या युनिटमागे. स्वयंपाकघर फ्लॅटच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये भिंती, पाण्याच्या पाइपांनी भरलेलं टाइल्सचं न्हाणीघर, आणि शेवटी ओट्याशेजारी उभा फ्रिज. फ्रिज म्हणजे सरळ पत्र्याची भिंत. रेडिओलहरी तिच्यातून जात नाहीत, वळसा घालून जेवढ्या येतील तेवढ्या. स्टीलचं बाह्यांग असलेल्या फ्रायरला आणखी त्रास, कारण अँटेना आत सर्किटवरच छापलेली असते आणि लहरींनी तिच्यापर्यंत पोचायचं ते बहुतेक पॅनेलच्या प्लॅस्टिकमधूनच.

सिग्नलची ताकद डीबीएम नावाच्या एककात मोजतात आणि आकडे उणे असतात: शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत निर्धास्त, उणे ७० च्या खाली कुरबुर सुरू आणि उणे ८० ला जोडणी टिकणं अवघड. दर १० आकड्यांना ताकद दहापट बदलते, त्यामुळे उणे ६० आणि उणे ७० यांत दिसायला थोडाच फरक असला तरी दुसरा पहिल्याच्या एक दशांश असतो. अँड्रॉइडवर हा आकडा दाखवणारी वायफाय ॲनलायझरसारखी मोफत ॲप आहेत. मोजताना फोन २.४ वर असू द्यावा आणि फ्रायर जिथे ठेवायचा तिथेच, त्याच उंचीवर धरावा. फोनची अँटेना फ्रायरच्या अँटेनापेक्षा बहुधा सरस असते, म्हणून फोनवर उणे ६५ दिसलं तर फ्रायरला त्याहून पाच-दहाने वाईट दिसतंय असं धरून चालावं.

आपल्या उदाहरणात फोनने हॉलमध्ये उणे ३८ दाखवलं असं समजा आणि ओट्यावर फ्रिजशेजारी उणे ७६. मुलाने राउटर टीव्हीमागून काढून पॅसेजमधल्या फळीवर, डोक्याच्या उंचीवर ठेवायला सांगितला. त्यासाठी फायबरवाल्याला बोलावून तार थोडी लांबवून घ्यावी लागली. फ्रायर फ्रिजच्या आडोशातून काढून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. आता आकडा उणे ६१. पंधरा आकड्यांची सुधारणा, म्हणजे सुमारे तीसपट ताकद, आणि खर्च फक्त तारेचा. राउटर हलवणं शक्यच नसेल तर एक्स्टेंडर घ्यावा, पण तो स्वयंपाकघरात लावू नये. जिथे सिग्नल मुळातच मेलेला आहे तिथे एक्स्टेंडर तोच मेलेला सिग्नल पुढे वाटतो. त्याची जागा मधली, जिथे अजून उणे ६० च्या आसपास आकडा मिळतो तिथली. आणि तो २.४ देतो ना, हे विकत घेतानाच बघावं.

स्वयंपाकघरात एक खास शत्रूही असतो. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणजे नेमका वायफायच्या याच बँडात. ओव्हनच्या दाराच्या फटींतून निसटणाऱ्या लहरी माणसाला घातक नसतात, पण शेजारच्या फ्रायरच्या क्षीण संभाषणात गोंगाट घालायला पुरतात. ॲप नेमकं दूध गरम करतानाच ‘Offline’ दाखवत असेल आणि ओव्हन थांबल्यावर मिनिटभरात सावरत असेल, तर निदान झालं. दोघांत मीटर-दोन मीटरचं अंतर ठेवावं आणि जोडणी करताना ओव्हन बंद असावा.

एवढं सगळं होऊनही अडलं, तरच रिसेट. इथे तीन वेगळ्या गोष्टींना लोक एकच शब्द वापरतात आणि त्यातून नुकसान होतं.

प्लग काढून मिनिटभराने लावणं हा रिसेट नव्हे. त्यात यंत्र काही विसरत नाही, फक्त अडकलेलं काम सोडून नव्याने उठतं. हे केव्हाही बिनधास्त करावं. फ्रायरचा फॅक्टरी रिसेट म्हणजे ठरावीक बटण, बहुतेकदा वायफायचं किंवा पॉवरचं, पाच-दहा सेकंद दाबून धरणं. दिवा भराभर लुकलुकू लागला की यंत्र नव्या ओळखीला तयार झालं. कोणतं बटण आणि किती वेळ हे मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून पुस्तिका बघावीच. हे लुकलुकणं काही मिनिटंच टिकतं, तेव्हा फोन आधी तयार ठेवावा. काही यंत्रांत भराभर लुकलुकणं म्हणजे तिसरी पद्धत आणि संथ लुकलुकणं म्हणजे दुसरी. एक जमत नसेल तर बटण पुन्हा दाबून दुसरी घ्यावी. या रिसेटमध्ये वायफायचं नाव, पासवर्ड आणि ठरवून ठेवलेल्या वेळा पुसल्या जातात. आतलं सॉफ्टवेअर मात्र सहसा जुन्या आवृत्तीवर परत जात नाही, तेव्हा ‘अपडेटनंतर बिघडलं, रिसेटने सुधारेल’ ही आशा बहुधा फोल ठरते.

आणि एक गोष्ट यात पुसली जाईलच असं नाही: कंपनीच्या सर्व्हरवरची मालकाची नोंद. फ्रायर आधी वडिलांच्या खात्यावर जोडला असेल आणि आता आईच्या फोनवर जोडायचा असेल, तर काही कंपन्यांचे सर्व्हर तो ‘दुसऱ्याचा’ म्हणून नाकारतात, मग बटण कितीही वेळ दाबा. म्हणून क्रम असा: आधी जुन्या ॲपमधून उपकरण काढून टाकायचं, मग रिसेट, मग नवी जोडणी. जुनं यंत्र विकत घेताना ही खात्री विकणाऱ्यासमोरच करून घ्यावी. दुबईहून आणलेल्या यंत्रांतही असाच गुंता होऊ शकतो. वीज दोन्हीकडे जुळते, पण काही कंपन्यांच्या खात्याला देश निवडावा लागतो आणि तिथल्यासाठी बनलेलं यंत्र भारताच्या खात्यात दिसत नाही.

तिसरा रिसेट राउटरचा, आणि त्याच्यापासून चार हात दूर राहावं. राउटरच्या मागच्या बारीक भोकात पिन खुपसली की फक्त तुमचा वायफाय पासवर्ड जात नाही. अनेक कनेक्शनांत सेवा देणाऱ्याने भरलेलं लॉगिन आणि तारेच्या बाजूची सेटिंग्जही पुसली जातात. मग एक फ्रायर जोडायच्या नादात घरभराचं इंटरनेट बंद पडतं आणि फायबरवाला येईपर्यंत टीव्हीही गप्प. राउटर कधी बदलावाच लागला, तर नव्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यावा, अक्षर न्‌ अक्षर तेच. फ्रायरपासून दाराच्या घंटेपर्यंत जुनी मंडळी बहुतेक आपोआप परत येतात.

फ्रायर राउटरशेजारी ठेवून, २.४ वेगळा करून, दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवर आणि फॅक्टरी रिसेटनंतरही जोडला गेला नाही, तर वायफायचा मॉड्यूलच गेला असण्याची शक्यता मोठी. तो बहुधा पॅनेलच्या सर्किटवर असतो आणि वॉरंटीत पूर्ण पॅनेल बदलून मिळू शकतं. तक्रार नोंदवताना ‘ॲप चालत नाही’ एवढंच सांगितलं तर समोरचा माणूस पुन्हा प्लग काढून लावण्यापासूनच सुरुवात करेल. हॉटस्पॉटवर जोडून बघितलं, बँड २.४ होता आणि रिसेटनंतर दिवा लुकलुकतो की नाही, ही तीन वाक्यं आधीच सांगावीत. दिवा लुकलुकतच नसेल, तर तेही सांगावं; मग बिघाड पॅनेलमध्येच असण्याचा संशय बळावतो आणि तंत्रज्ञ येताना पॅनेल घेऊनच येऊ शकतो.